ओटीपी कशासाठी आला होता? बँकेच्या नावाने होणारी फसवणूक आणि त्यानंतरचा पहिला तास

पीककर्जाचे नूतनीकरण, पीएम-किसानचा हप्ता आणि पीकविम्याची भरपाई ही तिन्ही कामे आज बँक खात्याशी व मोबाईल क्रमांकाशी जोडलेली आहेत. त्यामुळे बँकेच्या नावाने फोन आला की शेतकऱ्याला तो आपल्या कामाचाच वाटतो, आणि फसवणूक करणारे नेमका याचाच लाभ घेतात. ओटीपी कोणालाही सांगू नये, ही सूचना सर्वांनी ऐकलेली आहे. तरीही तो सांगितला जातो, कारण फोनवरील व्यक्ती त्याला ओटीपी म्हणतच नाही. ती त्याला ‘पडताळणी क्रमांक’, ‘नूतनीकरण कोड’ किंवा ‘हप्त्याचा क्रमांक’ म्हणते. म्हणून प्रस्तुत लेखात एका प्रश्नावर लक्ष केंद्रित केले आहे : मोबाईलवर आलेला ओटीपी कशासाठी आला होता? फसवणूक ओळखण्यासाठी आणि ओटीपी दिला गेला असल्यास योग्य उपाय करण्यासाठी, दोन्ही वेळी हाच प्रश्न उपयोगी पडतो.

फसवा फोन कसा रचलेला असतो

उदाहरणादाखल एक प्रसंग घेऊ. सकाळी १०.३० वाजता एका शेतकऱ्याला फोन येतो. बोलणारा स्वतःला बँकेच्या मुख्य कार्यालयातील अधिकारी म्हणवतो. शेतकऱ्याचे नाव, गाव आणि तो पीएम-किसानचा लाभार्थी असल्याचे त्याला ठाऊक असते. ‘केवायसी अपूर्ण असल्याने किसान क्रेडिट कार्ड आज दुपारी बंद होईल आणि पुढचा हप्ताही अडकेल,’ असे तो सांगतो. मग कार्ड चालू आहे का हे पाहण्यासाठी बचत खात्याच्या एटीएम कार्डावरील क्रमांक, मुदतीची तारीख आणि मागील तीन अंक विचारतो. शेवटी म्हणतो, ‘आता तुम्हाला पडताळणी क्रमांक येईल, तो वाचून दाखवा.’

यातील नाव-गाव ठाऊक असणे हा कोणताही पुरावा नाही. पीएम-किसानच्या लाभार्थ्यांची गावनिहाय यादी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. व्हॉट्सॲपवर बँकेचे बोधचिन्ह लावणे किंवा कॉलर ओळखणाऱ्या ॲपवर बँकेचे नाव उमटवणे हेही अवघड नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना व्यवहार व सेवेसंबंधीच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांकमालिका वापरण्यास सांगितले आहे. त्यामुळे दहा अंकी साध्या मोबाईलवरून ‘बँक’ बोलत असेल तर संशय घ्यावा. मात्र क्रमांक १६०० ने सुरू झाला म्हणून ओटीपी सांगावा, असा याचा अर्थ नाही. खऱ्या बँकेलाही फोनवर ओटीपी, पिन किंवा कार्डामागील अंक विचारण्याचे कारण नसते.

ठोस खूण एकच आहे : घाई आणि गुप्त क्रमांक ही जोडी. मुदत संपत असल्याचा धाक आणि त्याच फोनवर क्रमांक वाचून दाखवण्याची मागणी एकत्र आली की संभाषण तेथेच थांबवावे. त्यानंतर पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करून चौकशी करावी. बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. ‘ग्राहक सेवा’ म्हणून तेथे पेरलेले खोटे क्रमांकही आढळतात.

संदेशातील शब्द वाचावेत

ओटीपीचा संदेश केवळ अंक देत नाही, तो कोणत्या कामासाठी आहे हेही त्यात लिहिलेले असते. फोनवरील माणूस जे सांगतो आणि संदेश जे सांगतो, त्यांत तफावत असते. तेथेच फसवणूक उघडी पडते. हे संदेश बहुधा इंग्रजीत असल्याने पुढील शब्द ओळखता आले पाहिजेत.

`Rs` किंवा `INR` यापुढे रक्कम आणि `txn` अथवा `purchase` असे शब्द असतील, तर तो ओटीपी तेवढी रक्कम खर्च करण्याची परवानगी आहे. नूतनीकरणाला रक्कम कापण्याची परवानगी लागत नाही.

`registration`, `UPI PIN` किंवा `reset` असे शब्द असतील, तर तो ओटीपी खात्यावर नवा पिन किंवा नवा पासवर्ड तयार करण्याचा आहे. हा प्रकार अधिक घातक ठरतो. पहिल्या प्रकारात एक व्यवहार होतो, तर येथे खात्याची चावीच दुसऱ्याच्या हाती जाते. यूपीआय दुसऱ्याच्या फोनवर सुरू करण्यासाठी त्याला तुमच्या सिमकार्डावरून एक संदेशही लागतो. म्हणून तो ‘हा संदेश अमुक क्रमांकावर जसाच्या तसा पाठवा’ असे सांगतो. त्या संदेशातील अक्षरे अर्थहीन दिसतात, परंतु त्यांनीच तुमचा क्रमांक त्याच्या फोनशी बांधला जातो.

वरील प्रसंगात शेतकऱ्याने १०.४२ वाजता पहिला ओटीपी सांगितला; तो २४,९०० रुपयांच्या खरेदीचा होता. ‘क्रमांक चुकला, पुन्हा आलेला सांगा’ असे म्हणून समोरच्याने अर्थहीन अक्षरांचा संदेश पाठवून घेतला आणि दुसरा ओटीपी मिळवला. तो यूपीआय पिन तयार करण्याचा होता. शेतकऱ्याच्या समजुतीप्रमाणे क्रमांक एकच होता, प्रत्यक्षात दोन वेगळ्या परवानग्या दिल्या गेल्या.

ओटीपी दिल्यानंतरचा क्रम

रक्कम गेल्याचा संदेश येण्याची वाट पाहू नये. ओटीपी दिल्याचे लक्षात येताच फोन बंद करावा आणि ओटीपीचे सर्व संदेश पुन्हा वाचावेत. ते पुसून टाकू नयेत. त्यांवरूनच काय बंद करायचे हे ठरते.

पहिले काम बँकेला कळवण्याचे. खरेदीचा ओटीपी दिला असेल तर कार्ड बंद करण्यास सांगावे. नोंदणी किंवा पिनचा ओटीपी दिला असेल तर केवळ कार्ड बंद करून भागत नाही. यूपीआय, मोबाईल बँकिंग व इंटरनेट बँकिंग बंद करून खात्यातून होणारी सर्व उचल थांबवण्यास स्पष्ट शब्दांत सांगावे. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्यावी.

दुसरे काम १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन करण्याचे. देशातील कोणत्याही राज्यातून हाच क्रमांक लागतो. येथे नोंद झालेली तक्रार, रक्कम ज्या बँकेत गेली तिच्यापर्यंत पोहोचवली जाते आणि रक्कम तेथे शिल्लक असेल तर ती रोखून ठेवली जाते. ती पुढे दुसऱ्या खात्यात गेली असेल तर माग त्या बँकेकडे वळतो. रक्कम एटीएममधून रोखीने काढली गेली की रोखण्यासारखे काही उरत नाही. पहिल्या तासाचे महत्त्व यासाठी आहे. फोन करताना आपला खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि संदेशातील व्यवहार क्रमांक जवळ ठेवावा. फोन लागत नसेल तर थांबून न राहता `cybercrime.gov.in` येथे तक्रार नोंदवावी.

फोनवरील व्यक्तीच्या सांगण्यावरून एखादे ॲप किंवा `.apk` अशी अक्षरे असलेली फाईल उघडली असेल, तर क्रम थोडा बदलतो. अशी ॲप पुढे येणारे ओटीपीही परस्पर पाठवू शकतात. म्हणून त्या मोबाईलचे इंटरनेट बंद करून तो विमान स्थितीत ठेवावा आणि बँकेला व १९३० ला दुसऱ्या फोनवरून कळवावे.

कळवण्याच्या वेळेला मोल आहे

‘ओटीपी मीच दिला, आता तक्रार करून काय उपयोग?’ या समजुतीने अनेक तक्रारी होतच नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातील तरतूद येथे ध्यानात घ्यावी. ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे, म्हणजे गुप्त माहिती दिल्यामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहक सोसतो. बँकेला कळवल्यानंतर झालेले नुकसान मात्र बँकेने सोसायचे असते.

आपल्या प्रसंगात १०.४४ वाजता २४,९०० रुपये गेले. शेतकऱ्याने १०.५५ वाजता बँकेच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ११.१० वाजता यूपीआयमधून आणखी ५,००० रुपये गेले. या तरतुदीनुसार पहिली रक्कम शेतकऱ्याच्या माथी राहते. १९३० वरील तक्रारीमुळे ती वेळेत रोखली गेली तरच परत मिळण्याची आशा असते. नंतरचे ५,००० रुपये मात्र बँकेने द्यावयाचे आहेत. त्याने दुपारपर्यंत शाखेत जाण्याची वाट पाहिली असती, तर हा हक्क त्याला मांडता आला नसता. त्यामुळे शाखेत लेखी अर्ज देताना ओटीपी, प्रत्येक व्यवहार आणि पहिली तक्रार यांच्या वेळा क्रमाने लिहाव्यात, १९३० चा पावती क्रमांक जोडावा आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेची पोच घ्यावी. बँकेकडून ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` येथे दाद मागता येते.

किसान क्रेडिट कार्डाच्या खात्यातून रक्कम गेली असेल तर अधिक तत्परता हवी. तेथून गेलेली रक्कम ही शिल्लक नसून उचललेले कर्ज असते आणि त्यावर व्याज चढते. वादातील रकमेचा व तिच्यावरील व्याजाचा उल्लेख अर्जात स्वतंत्रपणे करावा.

तक्रारीनंतर काही दिवसांनी ‘सायबर कक्षातून बोलतो, रक्कम परत आली आहे, शुल्क भरा किंवा आलेला क्रमांक सांगा’ असा फोन येऊ शकतो. ही त्याच फसवणुकीची दुसरी फेरी होय. रोखलेली रक्कम परत मिळवण्यासाठी फोनवर शुल्क किंवा ओटीपी द्यावा लागत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी बैठकीत या विषयावर भाषण करण्यापेक्षा दोन कृती कराव्यात. पहिली, प्रत्येकाने पासबुकावरील बँकेचा क्रमांक आणि १९३० हे दोन्ही मोबाईलमध्ये तेथेच साठवावेत व कागदावरही लिहून घ्यावेत. मोबाईल वापरण्यायोग्य नसेल तेव्हा कागदच कामी येतो. दुसरी, मुदत संपलेले ओटीपीचे जुने संदेश काढून ‘हा कशासाठी आला होता?’ हे प्रत्येकाला शब्द दाखवून सांगण्यास लावावे. एखादा शेतकरी फसवणुकीनंतर आपल्याकडे आला तर ‘क्रमांक का दिला?’ हा प्रश्न बाजूला ठेवून आधी त्याच्याकडून बँकेला फोन करवून घ्यावा. संकोचाने गेलेली प्रत्येक दहा मिनिटे रक्कम आणखी एका खात्यात पुढे सरकवत असतात.