मुलांना गुंतवणूक शिकवायची? आधी पडझड दाखवा!



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांच्या नावाने छोटं गुंतवणूक खातं उघडण्याबद्दल बोललो. व्हिडिओत आकडे भराभर जातात, म्हणून इथे सावकाश मांडतोय. वही-पेन घ्या आणि जमलं तर मुलालाही शेजारी बसवा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या खात्याचा उद्देश मुलाला श्रीमंत करणं नाही. महिन्याला 500 रुपये टाकून कोणी श्रीमंत होत नाही. पैसे कमी होताना दिसले की पोटात जो गोळा येतो, तो पाचशे-हजाराच्या पातळीवर अनुभवायला मिळावा, म्हणून हे खातं. तोच अनुभव पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा आला तर तो पाच लाखांवर येतो.

खातं कसं उघडायचं?

पहिली पायरी बँकेची. मुलाच्या नावाने बचत खातं हवं. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचं खातं स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे. त्याच्या मर्यादा प्रत्येक बँक स्वतः ठरवते, म्हणून शाखेत जाऊन विचारा.

दुसरी पायरी म्युच्युअल फंडाची. मुलाच्या नावाने फोलिओ उघडायचा आणि पालक म्हणून आई किंवा वडिलांनी सही करायची. केवायसी आणि पॅन पालकाचं लागतं. मुलाच्या वयाचा आणि तुमच्या नात्याचा पुरावा म्हणून जन्मदाखला चालतो. या फोलिओत दुसरं नाव जोडता येत नाही.

फंड कुठला? शिकण्यासाठी साधा निफ्टी 50 इंडेक्स फंड पुरेसा आहे. देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांमध्ये थोडे थोडे पैसे जातात, आणि मुलाला बातम्यांमध्ये दिसणारा आकडाच स्वतःच्या खात्यात दिसतो. (मी सल्लागार नाही, शिकवणारा आहे. मोठी रक्कम लावण्याआधी सेबी-नोंदणीकृत सल्लागाराला भेटा.)

आता धंदेवाल्या पालकांसाठी खास मुद्दा. हप्ता तुमच्या बँक खात्यातून जाऊ शकतो, पण फंड विकल्यावर पैसे फक्त मुलाच्या बँक खात्यातच येतात. सेबीचा तसा नियम आहे, कारण पैसा मुलाचा आहे आणि तुम्ही फक्त सांभाळणारे आहात. दिवाळीत माल भरायला दहा हजार कमी पडले की नजर या खात्याकडे जाणार, हे गृहीत धरा. पण एकदा जरी हात घातलात, तरी मुलगा धडा शिकतोच: "माझ्या नावावर असलं तरी ते माझं नसतं." त्यानंतर त्याला काही शिकवायला जाऊ नका, तो ऐकणार नाही.

एक उदाहरण घेऊ: लालबागची सई

समजा, लालबागमध्ये एक ताई घरगुती मसाल्यांचा आणि फराळाचा व्यवसाय करतात. त्यांची मुलगी सई पंधरा वर्षांची आहे. सुट्टीच्या दिवशी ती पाकिटं भरते, लेबलं लावते. त्याबद्दल आई तिला महिन्याला 200 रुपये देते. सईचे ते 200 आणि आईचे 300, असा 500 रुपयांचा मासिक हप्ता सुरू झाला. दोन वर्षांत 12,000 रुपये होतील.

सईचे स्वतःचे 200 रुपये का घ्यायचे? कारण सगळे पैसे आईचे असतील तर पडझड म्हणजे मोबाईलवरचा एक लाल आकडा. पाकिटं भरून मिळालेले पैसे असतील तर तो आकडा लागतो.

हप्ता सुरू करण्याआधी आईने सईला बसवून बाजाराचा एक खरा किस्सा सांगायचा. जानेवारी 2020 मध्ये निफ्टी 12,300 च्या वर होता. कोविड आला आणि 23 मार्च 2020 ला तो साधारण 7,600 वर बंद झाला. त्या एका दिवसातच तो 13 टक्के पडला. दोन-सव्वादोन महिन्यांत एकूण घसरण झाली सुमारे 38 टक्क्यांची.

आता हेच सईच्या खात्याला लावू. दोन वर्षांनी खात्यात 12,000 आहेत आणि अशीच पडझड आली. उरले साधारण 7,440. म्हणजे 4,560 रुपयांची घट. त्यात सईचा वाटा पाचातले दोन, म्हणजे सुमारे 1,800 रुपये. तिच्या हिशोबाने नऊ महिने पाकिटं भरली ती गेली!

आईने इथे थांबायचं आणि विचारायचं, "असं झालं तर तू काय करशील?" उत्तर वहीत, सईच्याच अक्षरात, तारखेसह लिहून घ्यायचं. हे पान या सगळ्या खटाटोपातली सर्वात मोलाची वस्तू आहे. खरी पडझड येईल तेव्हा तुमचा उपदेश कामाला येणार नाही. तिने स्वतः शांत डोक्याने लिहिलेलं येईल.

मग किस्सा पुढे न्यायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निफ्टी पुन्हा जानेवारीच्या पातळीच्या वर गेला. पण लगेच "बघ, परत येतंच!" असं म्हणू नका. 2008 मध्ये सेन्सेक्स जानेवारीत 20,800 च्या वर होता आणि वर्ष संपायच्या आत निम्म्याहून खाली आला. जुन्या पातळीला पुन्हा हात लावायला नोव्हेंबर 2010 उजाडला, म्हणजे जवळपास तीन वर्षं. तेव्हाही तो तिथे टिकला नाही.

यातून सईला नियम काढू द्या. पुढच्या वर्षीच्या क्लासची फी, सहलीचे पैसे, नवा मोबाईल, हे सगळं बँकेत. तीन-चार वर्षं नक्की लागणार नाही तेवढंच इथे.

सगळी जोखीम सारखी नसते

मुलं इथे फसतात, आणि मोठेही. "पडलं तरी वर येतं" हे वाक्य पन्नास कंपन्यांच्या टोपलीबद्दल म्हटलं जातं. एका कंपनीच्या शेअरला ते लागू होईलच असं नाही.

येस बँकेचा शेअर ऑगस्ट 2018 मध्ये 400 रुपयांच्या आसपास होता. 5 मार्च 2020 ला बँकेवर निर्बंध आले, खातेदारांना 50,000 रुपयांपर्यंतच पैसे काढता येऊ लागले. दुसऱ्या दिवशी शेअर 16 रुपयांच्या आसपास बंद झाला. 10,000 रुपयांचे 400 रुपये झाले! निफ्टी काही महिन्यांत सावरला, हा शेअर मात्र त्या जुन्या भावाच्या जवळपासही परतला नाही. "स्वस्त झालाय, अजून घेऊ" म्हणणारे वाटेत खूप होते.

मुलाला हे आपल्या भाषेत सांगा. दादरच्या फूल मार्केटमधून दसऱ्यासाठी माल उचलणाऱ्याने सगळे पैसे झेंडूत घातले आणि भाव कोसळला, तर दसरा संपल्यावर त्या फुलांचं काही होत नाही. शेवंती, गुलाब, तोरणं असं थोडं थोडं घेतलं असतं तर एकाचा मार दुसऱ्याने भरून काढला असता.

तिसरा प्रकार: जिथे पडझड दिसतच नाही

याचं उदाहरण लांब शोधायला नको. दादरमधलं टोरेसचं दालन आठवा. मोझनाइट नावाच्या खड्यांवर पैसे गुंतवा, दर आठवड्याला परतावा घ्या, अशी ती योजना होती. आठवड्याला 6 टक्के आणि नंतर त्याहूनही जास्त, असं आश्वासन होतं. काही महिने हप्ते वेळेवर आले. डिसेंबर 2024 च्या शेवटी ते थांबले आणि 6 जानेवारी 2025 ला बंद दालनासमोर गुंतवणूकदारांची गर्दी झाली. शिवाजी पार्क पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. पैसे घालणाऱ्यांत भाजीवाले होते, छोटे दुकानदार होते. आपल्यासारखीच माणसं.

मुलाला एकच गणित करायला लावा. आठवड्याला 6 टक्के, गुणिले 52 आठवडे. उत्तर येतं 312 टक्के. आता त्याला विचारा, "आपल्या दुकानात वर्षाला एवढा नफा सुटतो का? मग खडे विकून कोणाला कसा सुटेल?" धंदेवाल्याच्या मुलाला हे पटकन कळतं, कारण त्याने घरात नफ्याची टक्केवारी ऐकलेली असते.

आणि मग सईच्या खात्याचा आलेख समोर ठेवा. तो वर-खाली होतो. अशा योजनेचा कागद सरळ वर जातो, दर आठवड्याला तेवढाच. ज्या गुंतवणुकीत परतावा जास्त आहे आणि घट कधीच दिसत नाही, तिथे जोखीम नाहीशी झालेली नसते, ती तुमच्यापासून लपवलेली असते. महिन्याच्या महिन्याला खरी चढ-उतार बघितलेल्या मुलाला ही सरळ रेघ खटकते. हीच या खात्याची कमाई.

गाडी रुळावरून उतरतेय हे कसं ओळखाल?

मुलगा रोज ॲप उघडत असेल तर थांबवा. महिन्यातून एक दिवस ठरवा, हप्त्याचाच ठेवा. त्या दिवशी वहीत तीन गोष्टी लिहायच्या: एकूण किती टाकले, आज किती आहेत, आणि बघून काय वाटलं.

मुलगा "मित्राने एका दिवसात दुप्पट केले" म्हणू लागला, तर बहुतेक वेळा विषय ऑप्शन्सचा असतो. अल्पवयीन मुलाच्या खात्यात ते करता येत नाही, म्हणून मुलं पालकांचं लॉगिन मागतात. ते देऊ नका, ओटीपीसुद्धा नाही. सेबीच्या 2024 च्या अभ्यासात आधीच्या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन्स करणाऱ्या दर शंभर सामान्य व्यक्तींपैकी 93 जणांना तोटा झालेला आढळला. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

आणि अठरावा वाढदिवस लक्षात ठेवा. त्या दिवसापासून तुमची सही चालत नाही. मुलाचं स्वतःचं पॅन आणि केवायसी करून फोलिओ त्याच्या ताब्यात देण्याचा अर्ज भरेपर्यंत व्यवहार थांबतात. दोन महिने आधीच तयारीला लागा. त्याआधी फंड विकून नफा झाला, तर तो आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरला जातो. तुमच्या सीएला कळवून ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ

खातं उघडायची घाई नको. आधी एका पानावर मुलाकडून तीन ओळी लिहून घ्या. खात्यातले 12,000 जर 7,440 झाले तर मी काय करेन? हे पैसे मला कधीपर्यंत लागणार नाहीत? "घट होणारच नाही" असं कोणी म्हणालं तर मी त्याला कोणता प्रश्न विचारेन?

हेच पान तुम्हीही वेगळं बसून भरा. मग दोन्ही पानं शेजारी ठेवा. उत्तरं जुळली नाहीत, तर पहिला हप्ता भरण्याआधी त्यावरच बोला.

भेटू पुढच्या व्हिडिओत!