खेळाच्या खोलीच्या दारावरची पाटी

रोहिणखेडच्या आपल्या शाळेत खेळाच्या खोलीच्या दारावर या आठवड्यात लचकेचे तीन प्रकार सांगणारा एक कागद चिकटवलाय. मुलाला न्यायला आलेले दोघे-तिघे पालक तो वाचून थबकले. एका काकांनी विचारलंच, "सर, लचक म्हणजे लचक. तिचे तीन प्रकार कशाला?" दारात उभ्याउभ्या नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडे पाय मुरगळला, लचक भरली, शीर चढली, चमक निघाली हे सगळे शब्द एकाच दुखण्याला लागतात आणि उपायही एकच ठरलेला असतो: गरम तेलानं चोळा, आंबेहळद लावा. पण आत इजा होते ती वेगवेगळ्या जागी. हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्टीला लिगामेंट म्हणतात. सांधा वेडावाकडा वळून ती ताणली की पाय मुरगळला. स्नायू किंवा त्याला हाडाशी जोडणारी दोरी ताणली गेली, तर ती चमक. शंभर मीटर धावताना मांडीच्या मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं वाटून पोरगं मध्येच थांबतं, ती ही. तिथे सांधा ठीक असतो, दुखतं ते मांसात, आणि त्या स्नायूला ताण दिला की जास्त दुखतं. तिसरा प्रकार म्हणजे लिगामेंट फाटणं.

ताणणं आणि फाटणं यांत फरक किती, हे बैलाच्या दाव्यावरून कळेल. दाव्याला हिसका बसला की कधी नुसते पेड ताणतात, कधी एक-दोन पेड तुटतात पण बैल बांधलेला राहतो, आणि कधी दावंच तुटतं. लिगामेंटचं तसंच आहे. गंमत अशी, की पूर्ण तुटलेलं लिगामेंट पहिला तडाखा ओसरला की अर्धवट फाटलेल्यापेक्षा कमी दुखू शकतं, कारण ताणायला काही उरलेलंच नसतं. म्हणून "फार दुखत नाही" एवढ्यावर मी पोराला मैदानात सोडत नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सातवीतला एक मुलगा कबड्डीत चढाई करून परत येत होता. ओल्या मातीत पाय घसरला, तळवा आत वळला आणि सगळं अंग घोट्याच्या बाहेरच्या बाजूवर आलं. मुरगळलेले बहुतेक घोटे असेच मुरगळतात. मी त्याला बसवलं, बूट काढला आणि एका बोटानं चाचपत गेलो. घोट्याच्या बाहेरच्या गोल हाडाच्या पुढे, जरा खाली, मऊ जागा असते. साध्या मुरगळण्यात बोट तिथे टेकलं की पोर ओरडतं. हा तिथे थोडा कळवळला, पण हाडाच्या मागच्या कडेवर बोट ठेवलं तेव्हा त्यानं पायच ओढून घेतला. मग त्याला उभं केलं. चार पावलं टाक म्हटलं, तर दुसऱ्यालाच खाली बसला.

या दोन खुणा माझ्या मनच्या नाहीत. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडलेले नियम आहेत, आणि जगभर दवाखान्यांत ते वापरतात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाचं टोक, तिथून वर मागच्या कडेचा सहा सेंटिमीटर भाग, यांत हाडावर दाबून दुखत असेल, किंवा इजेनंतर लगेच आणि तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील, तर घोट्याचा एक्स-रे काढायचा. लंगडत टाकलेली पावलंही धरायची. पायाच्या मधल्या भागासाठी आणखी दोन जागा दाबून बघायच्या: करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यावर असलेला हाडाचा उंचवटा, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड.

त्या मुलाच्या वडिलांना फोन केला, तर ते म्हणाले, "घोटा हालवते ना सर, मंग हाड कसं मोडलं असन?" ही समजूत घरोघर आहे. मोडलेलं हाडही कधीकधी हलतं. शिवाय वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पट्टी असते, तिथून हाड लांब होतं. ही पट्टी लिगामेंटपेक्षा कच्ची असते. मोठ्या माणसाचं जिथे लिगामेंट ताणेल, तिथे मुलाच्या या पट्टीला इजा होऊ शकते, आणि ती पहिल्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. त्याच्या एक्स-रेत मोड दिसला नाही, तरी बोट ठेवल्यावर कुठे दुखतं ते बघून बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तीन आठवडे प्लास्टर घातलं. आदल्या रात्री आजीनं तो घोटा गरम तेलानं चोळला असता, तर सूज वाढली असती आणि मुलगा रात्रभर झोपला नसता. आजीचा हात मायेचा असतो हे मान्य. तो पहिले दोन-तीन दिवस त्या जागेपासून दूर ठेवा, एवढंच म्हणणं.

त्या दिवसांत करायचं ते सोपं आहे. बर्फ रुमालात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दोन-तीन तासांनी पुन्हा. बर्फानं दुखणं कमी होतं. फाटलेलं लवकर जुळतं असं नाही. क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळायचं, आणि बोटं गार, निळी किंवा बधिर झाली तर लगेच सैल करायचं. झोपताना पायाखाली दोन उशा. बोटं सुरुवातीलाच बधिर असतील, किंवा पाय वाकडा दिसत असेल, तर बर्फबिर्फ सोडून गाडी काढा.

गुडघ्याचं मात्र वेगळं सांगतो, कारण तिथे फसगत जास्त. खो-खोत खांबाला वळसा घेताना पाय जमिनीत रुतलेला आणि अंग फिरलेलं, अशा वेळी आतून "टक्क" असा आवाज येतो. पुढच्या दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साचलं असण्याची शक्यता मोठी, आणि गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट फाटलं असेल अशी शंका घ्यावी. एक्स-रे स्वच्छ येतो, कारण त्यात हाडं दिसतात, लिगामेंट नाही. पंधरा-वीस दिवसांत सूज उतरते, मुलगी सरळ चालते, घरचे म्हणतात झालं बरं. मग कधीतरी वळताना गुडघा निसटतो. असं प्रत्येक निसटणं आतल्या गादीला घासतं. म्हणून "टक्क", लगेच आलेली सूज आणि निसटणं यांपैकी एकही असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि लिगामेंटबद्दल मुद्दाम विचारा. एमआरआय लागेल की नाही ते त्यांना हातानं तपासल्यावर कळतं.

तो सातवीतला मुलगा प्लास्टर निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी बूट घालून आला. मी त्याला दुखऱ्या पायावर उभं राहून डोळे मिटायला सांगितलं. तीन आकडे मोजेपर्यंत तो डोलला. दुसऱ्या पायावर तीस मोजले तरी हलला नाही. दोन्ही पाय सारखे होईपर्यंत, मग एका पायावर न कळवळता दहा उड्या मारेपर्यंत, मी त्याला चढाईला सोडला नाही. त्यात आणखी पाच आठवडे गेले, आणि त्या पाच आठवड्यांत तो माझ्याशी धड बोलला नाही.

दारावरच्या कागदाच्या तळाशी तीन ओळी रिकाम्या ठेवल्यात: बोट कुठे ठेवलं की दुखतं, सूज किती वेळानं आली, चार पावलं पडली का. पोराला न्यायला याल तेव्हा आम्ही त्या वेगळ्या कागदावर भरून देऊ. तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.