ज्यावर घरात वाद होत नाही

‘वर्चस्व’ म्हटले की आपल्याला हुकूम, दंडुका, तुरुंग आठवतो. इटलीतील विचारवंत अंतोनिओ ग्राम्शी हा स्वतः मुसोलिनीच्या तुरुंगात होता आणि १९२९ ते १९३५ या काळात त्याने तेथे अनेक वह्या लिहून काढल्या. त्याला पडलेला प्रश्न जरा वेगळा होता. ज्या व्यवस्थेत आपले नुकसान होते, ती माणसे स्वखुशीने का मान्य करतात? दंडुका तर रोज कुणी उगारत नाही. या राजीखुशीच्या वर्चस्वाला मराठीत ‘धुरीणत्व’ म्हणतात आणि ज्या कल्पनांमुळे ते ‘जगरहाटीच आहे’ असे वाटते, त्यांना ‘विचारप्रणाली’ म्हणतात. शब्द जड आहेत खरे, पण ते समजायला रात्रीच्या जेवणाच्या वेळची एक मालिका पुरते.

स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ पर्यंत ‘आई कुठे काय करते!’ ही मालिका चालली. ती ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवर बेतलेली होती. तीच कथा २०२० पासून हिंदीत ‘अनुपमा’ या नावाने, अहमदाबादच्या शाह कुटुंबाची म्हणून आली. आपल्या बडोद्यातल्या कित्येक घरांत आजी मराठी अरुंधती पाहायच्या आणि शेजारच्या बेन गुजराती वळणाची अनुपमा. दुसऱ्या दिवशी जिन्यात दोघींच्या गप्पा अगदी एकाच बाईबद्दल असाव्यात अशा चालत!

अरुंधतीची गोष्ट थोडक्यात अशी. पंचवीस वर्षे संसार केल्यावर नवऱ्याचे, अनिरुद्धचे, ऑफिसातल्या संजनाशी संबंध असल्याचे तिला कळते. पुढे घटस्फोट होतो. ती गाणे पुन्हा हाती घेते, स्वतःच्या पायावर उभी राहते आणि २०२३ साली आशुतोषशी लग्नही करते. सासूबाई कांचन बराच काळ मुलाची बाजू घेतात, तर सासरे अप्पा सुनेच्या पाठीशी उभे राहतात. म्हणजे घटस्फोट, नोकरी, पुनर्विवाह या प्रत्येक मुद्द्यावर घरात कडाक्याचे वाद होतात आणि बहुतेक वेळा आपली सहानुभूती अरुंधतीकडेच जाते.

मग यात वर्चस्व कुठे राहिले? येथेच थोडे थांबू या. घटस्फोट झाल्यावरही देशमुखांच्या घरात कुणी आजारी पडले, कुणा मुलाचे काही बिनसले, की निरोप अरुंधतीला जातो आणि ती येते. तिचे येणे हा तिचा मोठेपणा म्हणून दाखवला जातो. संगीत हळवे होते, कॅमेरा एकेका चेहऱ्यावर रेंगाळतो, कुणाचे तरी डोळे भरून येतात. स्वाभिमानी बाई चांगली, पण सर्वांना सांभाळणारी स्वाभिमानी बाई अधिक चांगली, हे कुणी संवादात म्हणत नाही. म्हणायची गरजच पडत नाही.

ग्राम्शीच्या विचाराचा गाभा हाच आहे. टिकणारे वर्चस्व ताठर नसते, ते सवलती देत राहते. बायकांची नाराजी खरी होती, म्हणून मालिकेने घटस्फोट दिला, गाणे दिले, दुसरा नवरा दिला. फक्त घर धरून ठेवण्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न वादात येऊ दिला नाही. बंगालीतून मराठीत आणि हिंदीत येताना आडनावे, साड्या, ताटातले पदार्थ बदलले, पण ही जबाबदारी बदलली नाही.

हे ओळखण्याची आमची पद्धत साधी आहे. एक भाग पाहताना वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे पात्रे ज्यावर भांडतात ते लिहा, उजवीकडे कुणीही न भांडता जे घडते ते : चहा कोण आणते, मूल रडले की कोण उठते, माफी मागायला आधी कोण जाते. विचारप्रणाली बहुधा उजव्या बाजूला सापडते. खात्री करायची असेल तर प्रसंगातली माणसे उलटवून पाहा. घटस्फोट झालेला अनिरुद्ध अरुंधतीच्या आजारी आईची सेवा करायला रोज येतो असे दाखवले, तर लेखकाला त्याचे कारण चार संवादांत समजावून द्यावे लागेल. अरुंधतीच्या बाबतीत ते लागत नाही.

येथे एक चूक हमखास होते. वाहिनीवाल्यांनी बसून कट केला आणि घरातल्या बायका भोळेपणाने फसल्या, असे लिहून मुले मोकळी होतात. लेखकही त्याच समाजातले असतात आणि प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्याला त्यांच्या मानेवर असतात. शिवाय पाहणारे सारखे नसतात. स्टुअर्ट हॉल या अभ्यासकाने १९७३ साली मांडले, की कुणी सांगितलेला अर्थ स्वीकारतो, कुणी काही घेतो काही सोडतो, तर कुणी तो साफ नाकारतो. आमच्या ओळखीच्या एक आजी तिन्ही गोष्टी एकाच भागात करायच्या. अरुंधतीच्या गाण्याला टाळ्या द्यायच्या, ती परत सासरी धावली की “हिला काही अक्कल नाही” म्हणायच्या, आणि जाहिराती लागल्या की सुनेला हाक मारायच्या, “अगं, पोळ्या टाकतेस ना?”