शनिवारी रात्री 12 म्हणजे कधी?
नियोजित देखभालीसाठी सेवा बंद ठेवताना काय करावे, काय टाळावे

एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात असताना मी ग्राहकांसाठी ही सूचना लिहिली होती: 'तांत्रिक देखभालीसाठी शनिवारी रात्री 12 ते 4 काही सेवा उपलब्ध नसतील. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' आमच्या एका भाजी व्यापाऱ्याने ती नीट वाचली आणि शुक्रवारच्या रात्रीसाठी रोकड काढून ठेवली, कारण घड्याळाने शनिवार तेव्हाच लागतो. शनिवारची रात्र उलटली आणि पहाटे तीनला तो घाऊक बाजारात माल भरून उभा होता. मोबाइलवरून पैसे जाईनात. चूक त्याची नव्हती. तेव्हापासून सूचना लिहिताना पुढच्या गोष्टी मी पाळत आलो आहे.

करावे: वेळ लिहिताना वार, तारीख आणि प्रहर, तिन्ही लिहा. आपल्या बोलण्यात वार सूर्योदयाला बदलतो, संगणकात मध्यरात्री. म्हणून 'रविवार, 14 जून, मध्यरात्रीनंतर 12:30 ते पहाटे 4:30' असे लिहा आणि पुढे 'म्हणजे शनिवारची रात्र उलटल्यावर' हेही जोडा. ग्राहक परदेशात असतील तर 'भारतीय वेळ' हे दोन शब्द हवेतच. ही चार तासांची वेळ न्यू जर्सीत शनिवारी दुपारी 3 ते संध्याकाळी 7 अशी येते, म्हणजे तिथे ऐन दिवसा सेवा बंद.

टाळावे: बरोबर 12 वाजता सुरुवात. ती कोणत्या तारखेची, हा घोळ कायमचा आहे. रिझर्व्ह बँकेने मे 2021 मध्ये एनईएफटी थांबवण्याची सूचना दिली तेव्हा वेळ होती रविवार, 23 मे, 00:01 ते 14:00. त्या एका मिनिटाने तारीख पक्की झाली. त्याच सूचनेत आरटीजीएस नेहमीप्रमाणे चालू राहील, असेही सांगितले होते. ज्याला पैसे पाठवायचेच होते, त्याला पर्याय तिथेच मिळाला.

करावे: काय बंद आणि काय चालू, हे ग्राहकाच्या शब्दांत सांगा. 'सीबीएस डेटाबेस अपग्रेड' हे आमचे काम झाले. ग्राहकाला कळायला हवे ते असे: ॲपमधून पैसे पाठवता येणार नाहीत, यूपीआय चालणार नाही, शिल्लक दिसणार नाही, एटीएममधून पैसे निघणार नाहीत. चालू काय राहील, हे विभागात बसून ठरवू नका. चाचणीच्या यंत्रणेत मुख्य सर्व्हर बंद करून एकेक सुविधा उघडून पाहा. कागदावर 'चालू' असलेली एखादी सुविधा आतून त्याच सर्व्हरला विचारत असते आणि हे तेव्हाच लक्षात येते.

टाळावे: 'काही सेवा', 'सेवांवर परिणाम होऊ शकतो'. अशा शब्दांनी प्रत्येकाला वाटते की आपली सेवा त्यात नसेल.

करावे: पूर्ववत होण्याची वेळ हिशोबाने काढा आणि परत फिरण्याचा वेळ त्यात धरा. सर्वात जास्त चुका इथे होतात. खऱ्या माहितीच्या प्रतीवर एकदा सगळे काम करून घड्याळ लावा. समजा बॅकअपला 40 मिनिटे लागली, बदलाला 90 आणि तपासणीला 30. बेरीज 160 मिनिटे. साडेबाराला सुरुवात केली तर 3:10 ला काम संपते. म्हणून 3:10 जाहीर केलेत तर फसलात. तपासणीत खोट निघाली तर जुन्या स्थितीत परत यायला, समजा, 60 मिनिटे लागतात. वीस मिनिटे हाताशी ठेवा: 3:30 हा निर्णयाचा क्षण. तोवर तपासणी पार पडली नसेल तर वाद न घालता परत फिरायचे. मग काम फसले तरी 4:30 ला सेवा चालू असते. ग्राहकाला 4:30 सांगायचे ते यासाठी. आधी उघडली तर उत्तमच.

टाळावे: 'रात्री कोण वापरतो?' हे गृहीतक. मागच्या चार आठवड्यांतल्या त्याच वाराचे तासागणिक व्यवहार काढून पाहा. वाशीचा भाजी बाजार किंवा दादरचा फूल बाजार उजाडण्याआधीच जागा असतो. तिथले ग्राहक असतील तर काम पहाटेपूर्वी आटोपेल अशा बेताने वेळ मागे ओढा. पगाराचे, हप्ते कापले जाण्याचे आणि 31 मार्चच्या आसपासचे दिवस सोडाच.

करावे: अडकलेल्या व्यवहाराचे काय होईल, ते लिहा. 12:29 ला पाठवलेले पैसे खात्यातून गेले आणि पोचले नाहीत, तर माणूस घाबरून पुन्हा पाठवतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या नियमानुसार यूपीआयने कुणाच्या खात्यावर पाठवलेली अशी रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. दुकानदाराला केलेल्या व्यवहारासाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. सूचनेत एवढे पुरे: '12:15 नंतर नवा व्यवहार सुरू करू नका, रक्कम अडकल्यास पुन्हा पाठवू नका.'

करावे: लांबण्याचा संदेश आधीच तयार ठेवा. व्यावसायिक एसएमएसचा मजकूर दूरसंचार कंपन्यांकडे आधी नोंदवावा लागतो. पहाटे चारला सुचलेले वाक्य पाठवताच येत नाही. म्हणून चार मजकूर एकदमच नोंदवा: पूर्वसूचना, आठवण, मुदतवाढ, पूर्ण झाले. बदलणाऱ्या वेळेच्या जागी नोंदणीत ठरवून दिलेले चल-चिन्ह ठेवा. देवनागरीत एका एसएमएसमध्ये 70 अक्षरे बसतात आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात, म्हणून वेळ पहिल्या ओळीत आणि क्षमायाचना शेवटी. उशीर होणार हे कळले तर 4:30 उलटण्याची वाट पाहू नका, 4:15 ला नवी वेळ कळवा.

टाळावे: संदेशात लिंक. देखभालीचे निमित्त सांगून ओटीपी मागणारे भामटे असतात. 'आम्ही ओटीपी किंवा पिन मागणार नाही' हे वाक्य प्रत्येक सूचनेत हवे.

पूर्वसूचना सात दिवस आधी, आठवण आदल्या संध्याकाळी. शाखेतल्या फलकासाठी आणि ॲपसाठी माझा मसुदा असा:

> रविवार, 14 जून, मध्यरात्रीनंतर 12:30 ते पहाटे 4:30 (शनिवारची रात्र उलटल्यावर, भारतीय वेळ).
> बंद: ॲप, यूपीआय, एटीएम, शिल्लक पाहणे.
> चालू: टोल-फ्री क्रमांकावरून कार्ड बंद करणे.
> पहाटे 4:30 पर्यंत सर्व सेवा सुरू होतील. उशीर होणार असल्यास 4:15 ला कळवू.
> 12:15 नंतर नवा व्यवहार सुरू करू नका. रक्कम अडकल्यास पुन्हा पाठवू नका.
> आम्ही ओटीपी किंवा पिन मागणार नाही.

पाठवण्यापूर्वी हा मसुदा संगणक विभागाबाहेरच्या एका माणसाला, शक्यतो शाखेतल्या शिपायाला किंवा रोखपालाला, वाचायला द्या आणि एकच विचारा: सेवा कोणत्या रात्री बंद आहे? उत्तर द्यायला तो अडखळला, तर सूचना पुन्हा लिहा.