मोबाइल दुरुस्तीचे दुकान : गल्ला आणि खर्च

बिझनेस मॉडेल कॅनव्हास म्हणजे धंद्याची नऊ चौकटींची एकपानी मांडणी. तिच्या तळाच्या दोनच चौकटी आपण ताडून पाहू : डावीकडे खर्च, उजवीकडे मिळकत.

समजा, महिन्यात २० स्क्रीन १,८०० रुपयांप्रमाणे बसवल्या व २५ चार्जिंग पोर्ट ३०० प्रमाणे बदलले. गल्ला ४३,५०० रुपये. पण दुधाच्या पैशांतून आपण पेंड वजा करतो, तसा सुटा भाग आधी वजा करावा. स्क्रीन १,३५० ला पडते, पोर्ट ४० ला. म्हणजे स्क्रीनमागे ४५० उरतात, पोर्टमागे २६०, एकूण १५,५००. भाडे, वीज व मदतनिसाचा पगार १५,००० धरला, तर मालकाला पाचशेच!

त्यात हमीच्या मुदतीत एक स्क्रीन परत आली, की पदरचे १,३५० जातात. तीन स्क्रीनची कमाई बुडते. चिकटवलेली स्क्रीन घाऊक व्यापारी सहसा परत घेत नाही, म्हणून आधी नुसती जोडून चित्र व स्पर्श तपासावा.

हा परतीचा खर्च आणि मालकाची मजुरी डाव्या चौकटीत बहुधा लिहिलेलीच नसते. मजुरी १०,००० धरली, तर महिन्याला आणखी ४२ पोर्टची कामे हवीत. तेवढे फोन आपल्या बाजारात दुरुस्तीला येतात का, हे गाळा घेण्याआधी पाहावे.