विनंतीचा भूतकाळ : मराठी आणि फ्रेंच

रायपूरच्या कचेरीतील मराठी कारकून साहेबांना म्हणतो, 'मला दोन दिवसांची रजा हवी होती'. त्याचा हिंदीभाषक सहकारीही 'छुट्टी चाहिए थी' असेच म्हणतो. इच्छा आजचीच असते. भूतकाळ केवळ तिची धार बोथट करतो. फ्रेंचमधील अपूर्ण भूतकाळही हेच कार्य करतो, परंतु एका मर्यादेत. 'ज व्हुले व्हू दमांदे', म्हणजे 'मी आपणांस विचारू इच्छीत होतो', यात पुढे 'विचारणे' हे क्रियापद येते व विनंती सौम्य होते. 'ज व्हुले'ला नुसती 'रजा' जोडली, तर रजा पूर्वी हवी होती, आता नको, असा अर्थ निघू शकतो. तेथे संकेतार्थ 'ज व्हुद्रे' हाच निर्धोक.

समोरच्याकडून काही करवून घ्यावयाचे असता मराठी 'द्याल का?' असा भविष्यकाळ योजते. फ्रेंच पुन्हा संकेतार्थच, 'पुरिये-व्हू'. मात्र अट दर्शविणाऱ्या 'सी'नंतर, म्हणजे 'जर'नंतर, संकेतार्थ वर्ज्य असून अपूर्ण भूतकाळ येतो : 'सी व्हू पुव्हिये'. मराठीत 'पाऊस पडता, तर पीक येते' या रचनेत दोन्ही उपवाक्ये संकेतार्थी असतात. म्हणूनच आपला विद्यार्थी येथे हमखास अडखळतो.