१२ व्होल्टच्या भरवशावर

पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये सिरीज रेझोनन्सचं प्रॅक्टिकल घ्यायचं म्हटलं की मी सिग्नल जनरेटर बाजूला ठेवतो आणि घरातलंच सामान वापरतो: ४० वॉटच्या ट्यूबलाइटचा जुना तांब्याचा चोक, पंख्याचे ४ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर आणि १२ व्होल्टचा, १ अँपियरचा ट्रान्सफॉर्मर. सगळं एकामागोमाग एक जोडायचं, दोन्ही कपॅसिटर मात्र आपापसात समांतर, म्हणजे ८ मायक्रोफॅरड. मुलांना हे आवडतं, कारण जनरेटरची बटणं फिरवावी लागत नाहीत. ५० हर्ट्झ महावितरणच पुरवते.

एका बॅचमधल्या मुलाने कपॅसिटरवर मीटर लावला आणि मला हाक मारली, "सर, मीटर बिघडलाय. ९४ दाखवतोय." मी पलीकडच्या टेबलावरून निघेपर्यंत त्याने स्वतःच निदान केलं होतं की जोड सैल असणार. कपॅसिटरच्या दोन्ही वायरींचे पिळलेले सांधे त्याने दोन्ही हातांच्या चिमटीत धरले. हात झटक्याने मागे गेला, कोपर टेबलावर आपटलं, मीटर खाली पडला. थोडक्यात निभावलं. "पण सर, १२ व्होल्टला शॉक कसा बसेल?" हा त्याचा प्रश्न मात्र रास्त होता. मीटर बरोबर होता आणि ट्रान्सफॉर्मरही १२ व्होल्टच देत होता.

हिशोब करून बघा. ४० वॉटच्या चोकचा ५० हर्ट्झला होणारा विरोध साधारण ३९० ओहम. ८ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा ३९८ ओहम. हे दोन्ही विरोध एकमेकांच्या विरुद्ध दिशेने काम करतात, म्हणून सर्किटला त्यांचा फरक तेवढा जाणवतो: जेमतेम ८ ओहम. मग करंटला अडवायला उरतं काय? चोकच्या तारेचा रोध आणि त्याच्या लोखंडी गाभ्यातला तोटा, दोन्ही मिळून ५० ओहमच्या आसपास. १२ भागिले ५०, म्हणजे जवळपास पाव अँपियर. हाच करंट कपॅसिटरमधूनही जातो, आणि त्याला कोणी सांगितलेलं नसतं की शेजारच्या चोकने तुझा विरोध खोडून काढलाय. त्याच्यासाठी ३९८ ओहम ते ३९८ ओहमच. गुणाकार करा, ९४ व्होल्टच्या आसपास येतात. उगमाच्या जवळजवळ ८ पट. पुस्तकात ज्याला सर्किटचा क्यू म्हणतात तो हाच आकडा: चोकचा ३९० ओहम भागिले एकूण रोध ५० ओहम.

इथे मुलं हमखास अडतात. चोकवर ९३, कपॅसिटरवर ९४, बेरीज १८७. मग किर्चहॉफचं काय? मी त्यांना मीटरचं एक टोक चोकच्या सुरुवातीला आणि दुसरं कपॅसिटरच्या शेवटी लावायला सांगतो. मीटर १२ दाखवतो. चोकवरचा दाब वर चढत असतो त्याच क्षणी कपॅसिटरवरचा खाली उतरत असतो, कारण दोघांत अर्ध्या आवर्तनाचा फरक आहे. झोपाळ्यावरच्या मुलाला दर खेपेला हलकासा धक्का द्यावा आणि झोका मात्र माणसाच्या उंचीच्या वर जावा, तसं हे चालतं. एकदा साठलेली ऊर्जा चोक आणि कपॅसिटर आपसात फिरवत राहतात, ट्रान्सफॉर्मर फक्त तारेत आणि गाभ्यात जळणारे ३ वॉट भरून देतो. फुकट काहीच मिळत नाही. पण बोट लावणाऱ्याला या ताळेबंदाचा उपयोग नसतो. त्याला ९४ व्होल्ट लागतात, आणि शिखराला तर १३३.

म्हणून हे सर्किट जुळवणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं, की उगमाचा व्होल्टेज बघून निर्धास्त होऊ नका. आधी क्यू काढा, त्याने उगमाला गुणा आणि येणारा आकडा कागदावर लिहून मगच स्विचला हात लावा. तो ५० व्होल्टच्या वर गेला तर समोर १२ व्होल्टचं खेळणं नाही, असं धरून चाला.

आणि हे फक्त अचूक रेझोनन्सलाच घडतं असंही समजू नका. आमच्याच सर्किटमधला एक कपॅसिटर काढून ४ मायक्रोफॅरड ठेवला तर कपॅसिटरचा विरोध ७९६ ओहम होतो, जुळणी पार बिघडते, करंट ३० मिलिअँपियरच्या खाली येतो. तरीही कपॅसिटरवर २३ व्होल्ट मिळतात, उगमाच्या जवळजवळ दुप्पट. जुळणीच्या जवळ येताना हा आकडा भराभर वाढतो. चोकची गुणगुण वाढली की समजायचं, आपण जवळ आलोय.

प्रॅक्टिकल सुरक्षित करायचा उपाय स्वस्त आहे. सर्किटमध्ये १०० ओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर घाला. एकूण रोध १५० ओहम, करंट ८० मिलिअँपियर, कपॅसिटरवर ३२ व्होल्ट. उगमापेक्षा जास्त व्होल्टेज येतो हे मुलांना दिसतं, आणि अंगावर बेतत नाही. ८ पटींचा परिणाम दाखवायचाच असेल तर मीटरच्या क्लिपा आधी लावून घ्या, सांध्यांवर टेप गुंडाळा आणि मग रेझिस्टर बाजूला करा. हेच सर्किट थेट २३० व्होल्टला जोडायचा मोह एखाद्या हुशार विद्यार्थ्याला होतोच. कागदावर तिथे १८०० व्होल्ट निघतात. प्रत्यक्षात चोकचा गाभा त्याआधीच संपृक्त होऊन आकडा खाली आणेल. पण ४४० व्होल्टच्या कपॅसिटरला त्याने काही दिलासा मिळत नाही.

कपॅसिटर निवडतानाही लोक उगमच बघतात. १२ व्होल्टला ६३ व्होल्टचा कपॅसिटर म्हणजे पाचपट मुभा, असं वाटतं. या सर्किटमध्ये तो अपुरा आहे. इलेक्ट्रोलिटिक तर नकोच, तो एसीवर फुगतो आणि फुटतो. पंख्याचा ४४० व्होल्ट एसीचा कपॅसिटर मी वापरतो तो यासाठीच. कारखान्यांतल्या पॉवर फॅक्टर पॅनेलवाल्यांना हे नीट ठाऊक असतं: कपॅसिटरच्या आधी ७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर जोडला की ४१५ व्होल्टच्या लाइनवरही कपॅसिटरला ४४६ व्होल्ट सोसावे लागतात. रिअ‍ॅक्टर करंट कमी करायला लावलाय, मग व्होल्टेज कमीच होणार, अशा समजुतीने जुनेच ४१५चे कपॅसिटर ठेवले, तर ते लवकर जातात.

बंद करतानाही एक मेख आहे. स्विच ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला ठेवा आणि तिथूनच बंद करा. मग साठलेला भार चोक आणि वायंडिंगमधून फिरत विरून जातो. घाईत सेकंडरीची वायर उपसली तर ठिणगी विझते ती करंट शून्य असताना, आणि नेमक्या त्याच क्षणी कपॅसिटर शिखरावर असतो. म्हणजे वायर हातात, सर्किट तुटलेलं, आणि कपॅसिटरमध्ये १३३ व्होल्ट तसेच बसलेले. सर्किट सोडवण्यापूर्वी १० किलोओहमचा रेझिस्टर त्याच्या टोकांना सेकंदभर टेकवायचा आणि मीटर डीसीवर ठेवून शून्य आलंय का ते पाहायचं. एसी रेंजवर भरलेला कपॅसिटरही शून्य दाखवू शकतो.